पाच वर्षांची गॅरंटी, तिसऱ्या पावसाळ्यात गळती

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची गॅरंटी बहुतेक घरांत स्टॅम्प पेपरवरच्या चार-पाच ओळींत मावते. तळेगाव दाभाड्याच्या एका बंगल्यातल्या कागदावर दोनच वाक्यं होती. पहिलं : ‘काम केलेल्या भागातून गळती झाल्यास पाच वर्षं विनामूल्य दुरुस्ती करून देऊ.’ दुसरं : ‘गच्चीवर इतर कोणी तोडफोड अथवा काम केल्यास गॅरंटी रद्द समजावी.’ बंगल्याच्या मालकीणबाई पहिल्या वाक्यावर बोट ठेवून होत्या, ठेकेदार दुसऱ्यावर. दोघांनाही मान्य असलेला इंजिनियर म्हणून मला बोलावलं होतं. त्या बोलण्यातला कामाचा भाग इथे देतो आहे, कारण दर पावसाळ्यात हा वाद गावोगाव होतो आणि बहुतेक वेळा कारण न शोधताच मिटवला जातो किंवा विकोपाला जातो.

आधी कामाची हकीकत. गच्ची हजार चौरस फुटांची, म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. जुना ब्रिकबॅट कोबा न फोडता, धुऊन, भेगा भरून मे 2023 मध्ये त्यावर पॉलियुरेथेनचं कोटिंग केलं. दर चौरस फुटाला 55 रुपये. कोटेशनमध्ये कोटिंगची सुकल्यानंतरची जाडी 1 मिलिमीटर लिहिली होती. कोटिंग वाट्यांवरून, म्हणजे भिंत आणि गच्ची जिथे मिळतात तिथल्या गोल कोपऱ्यावरून, पॅरापेटवर नऊ इंच चढवायचं होतं. दोन पावसाळे कोरडे गेले. जानेवारी 2025 मध्ये गच्चीवर सोलर बसलं. जुलैमध्ये बेडरूमच्या पंख्याच्या हुकापाशी पाणी टपकू लागलं आणि जिन्याच्या भिंतीला ओल आली.

काकू : तुम्ही पाच वर्षं लिहून दिलीत आणि तिसऱ्या पावसाळ्यातच पलंग सरकवायची वेळ आली. पाच फोन केले तेव्हा तुमचा माणूस आला, मोबाईलवर फोटो काढून गेला, पुढे काही नाही.

ठेकेदार : काकू, दोन पावसाळे एक थेंब आला नाही, हे तुम्हीच सांगता. मग मधे काय बदललं? सोलर. आठ पाय, प्रत्येक पायाला चार बोल्ट. माझ्या कोटिंगमधून ड्रिल मारून बसवलेत. मला एक फोन केला असतात तर बोल्टभोवती काय करायचं ते त्यांना सांगितलं असतं.

काकू : सोलर दक्षिणेच्या टोकाला आहे आणि पंखा उत्तरेच्या खोलीत. मधे पंचवीस फुटांचं अंतर आहे.

ठेकेदार : कोब्यात पाणी कुठे शिरतं आणि कुठे उतरतं याचा नेम नसतो. साहेबांना विचारा.

विचारलं तर मला त्यांचंच म्हणणं खरं आहे असं सांगावं लागलं. ब्रिकबॅट कोबा म्हणजे स्लॅबवर मसाल्यात बसवलेले विटांचे तुकडे, वरून सिमेंटची घोटाई. उतार द्यायचा म्हणून कोब्याची जाडी कुठे तीन इंच, कुठे सहा इंच असते. वीट पाणी धरते. वरच्या थरातून एकदा पाणी आत शिरलं की ते विटांमधून स्लॅबवर उतरतं, स्लॅबच्या उताराने सरकतं आणि जिथे वाट सापडेल तिथून खाली येतं. सगळ्यात सोपी वाट असते स्लॅबमध्ये टाकलेल्या वायरिंगच्या पाईपची, आणि तो पाईप पंख्याच्या हुकाच्या डब्यात उघडतो. त्यामुळे पंख्यापाशी पाणी टपकतं म्हणजे पंख्याच्या वरची गच्ची गळते, असं म्हणता येत नाही.

पण हाच मुद्दा ठेकेदारांवरही उलटतो. अंतरावरून सोलरला दोषमुक्त करता येत नाही, तसं नुसतं सोलर नंतर बसलं म्हणून त्याला दोषीही धरता येत नाही. कोटिंगची शिवण एका उन्हाळ्यात उघडू शकते आणि तोच उन्हाळा सोलर बसल्यानंतरचा असू शकतो.

ठेकेदार : ठीक आहे. वाद नको. सगळ्या बोल्टभोवती सीलंट भरून देतो, पैसे नकोत. माझ्या खात्यात टाका.

काकू : आणि त्यानंतरही गळलं तर? तुम्ही म्हणाल, मी माझ्याकडून केलं. मला सीलंट नको आहे. पाणी कुठून येतं ते मला कळलं पाहिजे.

इथे मी पूर्णपणे काकूंच्या बाजूचा होतो. गॅरंटीखालची दुरुस्ती म्हणजे आधी कारण शोधणं, मग काम. ठेकेदार विनामूल्य सीलंट मारतो तेव्हा तो उदार दिसतो, पण त्याच हातासरशी गळतीचं कारण बोल्ट होतं असं न बोलता नोंदवलं जातं. पुढच्या वर्षी त्याच नोंदीवर गॅरंटी नाकारता येते.

काकूंनी एक मोलाचं काम केलेलं होतं. कालनिर्णयच्या पानांवर त्यांनी पाऊस आणि गळती यांची नोंद ठेवली होती. रिमझिम दिवसभर लागली तरी पंख्याखाली कोरडं. मुसळधार झाली की चार-पाच तासांनी थेंब सुरू व्हायचे आणि पाऊस थांबल्यावरही दुसऱ्या दिवशीपर्यंत चालायचे. एका तारखेपुढे लिहिलं होतं, ‘जाळीत पानं अडकली, गच्चीवर पाणी तुंबलं, आज सर्वांत जास्त.’ बोल्टच्या भोकातून गळती असती तर रिमझिमीतही काही ना काही उतरायला हवं होतं. पाणी तुंबल्यावरच गळतं याचा अर्थ गळतीची जागा थोडी उंचावर किंवा पावसाळी पाईपच्या तोंडापाशी असावी, असा अंदाज करता येतो. अंदाजच, कारण तेवढ्यावर कोणाच्या खिशात हात घालता येत नाही.

ठेकेदार : मग सगळी गच्ची भरा पाण्याने. दोन दिवस ठेवू. गळेल तर गळेल.

काकू : गळतं हे मला माहीत आहे. ते कशाला पुन्हा बघायचं?

काकूंचा प्रश्न बरोबर होता. पूर्ण गच्ची भरणं ही काम झाल्यावर पावती देण्याची चाचणी आहे. वादात तिचा उपयोग नाही, कारण ती जागा सांगत नाही. शिवाय चार इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो, या गच्चीवर नऊ टनांहून जास्त. जुन्या स्लॅबवर ते बेधडक करू नये. आम्ही तुकड्या-तुकड्याने जायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये चार दिवसांची उघडीप मिळाली. पहिला दिवस तसाच जाऊ दिला. छतावरच्या ओलीच्या कडा पेन्सिलने आखून त्यांवर तारीख आणि वेळ लिहिली. ओल आपली आपण पसरत नाही याची खात्री झाल्यावरच पाणी सोडलं.

पहिली पाळी सोलरच्या पायांची, कारण वाद त्यांचाच होता. प्रत्येक पायाभोवती मातीचा छोटा बांध घातला आणि बोल्टचं डोकं बुडेल इतकं पाणी भरलं. दिवसभर बांध भरते ठेवले. पेन्सिलच्या रेषेबाहेर ओल गेली नाही आणि बांधातलं पाणी उन्हाने सुकेल त्यापलीकडे उतरलं नाही. ठेकेदार दर तासाला स्वतः वाकून बघत होते. त्यांच्याकडूनच एक गोष्ट कळली, जी मला वरून दिसली नव्हती : सोलरवाल्यांनी बोल्ट बसवताना भोकात रसायन भरलं होतं, कोरडे खिळे ठोकले नव्हते.

दुसरी पाळी पावसाळी पाईपच्या तोंडाची. इथे एक साधी चूक नेहमी होते. पाईपचं तोंड वरूनच बोळा कोंबून बंद करतात. मग ज्या सांध्याची परीक्षा घ्यायची तोच बोळ्याखाली झाकला जातो, पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि सांधा पास होतो. बोळा हातभर आत, सांध्याच्या खाली बसवावा लागतो. आम्ही तसा बसवला, तोंडाभोवती बांध घातला आणि इंचभर पाणी भरलं. त्यात फ्लुओरेसिन टाकलं. हा रंग अतिनील टॉर्चखाली हिरवा चमकतो, त्यामुळे खाली आलेलं पाणी याच डबक्यातलं की कोब्यात आधी साठलेलं, हे ओळखता येतं.

सहा तासांनी पंख्याच्या डब्यातून पहिला थेंब पडला. दिवा मालवून टॉर्च मारला. डब्याच्या कडेला हिरवी रेघ होती.

पाणी काढून पाईपचं तोंड उघडं केलं तेव्हा कारण हाताला लागलं. कोटिंग जाळीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं. ते पाईपच्या आत निदान चार बोटं उतरवायला हवं होतं. सिमेंटचा कोबा आणि पीव्हीसीचा पाईप उन्हात सारखे फुगत-आकसत नाहीत. त्यांच्यामधली फट कधीतरी उघडणारच, म्हणून तिथे जाळीदार कापड घालून कोटिंग आत वळवतात. ते केलं नव्हतं. पहिल्या दोन पावसाळ्यांत ती फट बंद होती, तिसऱ्यात केसाएवढी उघडली. पाऊस कमी असला की पाणी तोंडाच्या मधून निघून जायचं, तुंबलं की फटीत उभं राहायचं. कालनिर्णयवरच्या नोंदीचा अर्थ तेव्हा लागला.

तिसरी पाळी पॅरापेटची. नऊ इंचांच्या कोटिंगच्या वरच्या भागावर आणि बाहेरच्या अंगावर पाईपने पाणी मारलं. जिन्याची ओल तासाभरात गडद झाली. पॅरापेटच्या प्लास्टरला केसासारख्या भेगा होत्या आणि माथा सपाट होता, गच्चीकडे उतार दिलेलाच नव्हता. पाणी माथ्यातून शिरून कोटिंगच्या मागून उतरत होतं.

ठेकेदार : म्हणजे जिन्याची ओल माझ्याकडे नाही. कोटेशनमध्ये नऊ इंच आहे, वरच्या पॅरापेटचं काम मला दिलंच नव्हतं. पाईपचं तोंड माझ्याकडे, ते उद्या करून देतो. मिटलं.

काकू : जिन्याचं मान्य. पण हे तेव्हा तुम्हाला दिसलं नव्हतं का? मी या कामातली नाही. नऊ इंच पुरतात की नाही हे मला कुठून कळणार?

ठेकेदार : दिसलं होतं. सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, आत्ता गच्चीपुरतंच करा.

काकू गप्प राहिल्या. तसं बोलणं झालं असावं. ठेकेदाराने असा इशारा कोटेशनवरच एका ओळीत लिहिला, ‘पॅरापेटच्या माथ्याला भेगा आहेत, काम घेतलेलं नाही’, तर दोघांचंही संरक्षण होतं. तोंडी सांगितलेलं दोन वर्षांनी कोणालाच सिद्ध करता येत नाही.

इथे वाद मिटला असता, पण गच्चीच्या कोपऱ्यात मला चार मोठ्या बादल्या दिसल्या. त्यांत कढीपत्ता आणि जास्वंद लावली होती. बादल्या कोटिंगच्याच होत्या, वीस लिटरच्या.

काकू : तुमच्या मुलांनी काम संपल्यावर टाकून दिल्या. चारच होत्या. मी तेव्हाच मोजल्या होत्या, कारण मला सगळ्याच हव्या होत्या.

बादलीवर घनभाग 60 टक्के छापला होता. म्हणजे दहा लिटर लावलं तर सुकल्यावर सहा लिटर उरतं. एक मिलिमीटर जाडीचा थर 93 चौरस मीटरवर हवा तर सुकलेलं द्रव्य 93 लिटर लागतं, आणि त्यासाठी बादलीतलं 155 लिटर. आठ बादल्या. चार बादल्यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थर येतो. मी ठेकेदारांना विचारलं, बाकीच्या बादल्या परत नेल्या होत्या का? ते नेमकं आठवत नाही म्हणाले. मग मोजायचंच ठरलं. गच्चीच्या पाच वेगवेगळ्या जागी ब्लेडने दोन इंची चौकोन कापून काढले, पाठीचं सिमेंट खरवडलं आणि मायक्रोमीटरमध्ये धरले. जाडी 0.4 ते 0.6 मिलिमीटरच्या मधे आली.

ठेकेदार : काकू, खरं सांगतो. मी पहिला दर 70 रुपये दिला होता. तुम्ही 55 वर आणलात. आठ बादल्या, मजुरी, घासणं-धुणं, सगळं 55 मध्ये बसत नाही. बाजारात सगळे असंच करतात. आणि अर्धा मिलिमीटरसुद्धा गळला नाही ना? गळलं ते पाईपचं तोंड.

काकू : दर कमी करायला मी सांगितलं, हे खरं आहे. जमत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, किंवा कागदावर अर्धा लिहायचं होतं. तुम्ही एक लिहिलंत आणि पैसे एकाचेच घेतलेत. आज गळलं नाही म्हणता. पण पाच वर्षं टिकेल हे तुम्ही एका मिलिमीटरवर लिहून दिलंय की अर्ध्यावर?

माझ्या मते सगळ्या वादातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. उन्हाने कोटिंग वरून झिजतं, दर वर्षी थोडं. पातळ थर पहिली दोन-तीन वर्षं जाड थराइतकंच काम करतो, म्हणून पाण्याच्या चाचणीत तो पकडला जात नाही. तो हरतो नंतर, तेही आधी भेगांवर आणि कोपऱ्यांवर, जिथे ताणायला अंगात जाडी लागते. म्हणून फक्त पाईपचं तोंड नीट केल्याने गॅरंटी पाळली असं होत नाही. गळती हा एक दावा आणि कमी माल हा दुसरा. दुसऱ्या दाव्याला गळतीची वाट बघावी लागत नाही.

ठेकेदारांच्या बाजूचंही मला मान्य करायला हवं. 70 रुपये सांगणाऱ्याला काम मिळत नाही आणि 55 वाल्याला मिळतं, दोघांच्या कागदावर मात्र तोच एक मिलिमीटर असतो. प्रामाणिक ठेकेदार या बाजारात मरतो. यावर घरमालकाच्या हातात एकच उपाय आहे : काम सुरू होताना सीलबंद बादल्या मोजून घेणं आणि तो आकडा कोटेशनवर लिहून घेणं. मग दर पाडायला आलेल्या दुसऱ्या ठेकेदारालाही आठ बादल्यांचाच हिशेब द्यावा लागतो.

ठेकेदार : आणि उरलेला थर द्यायला मी नाही म्हटलं तर?

काकू : तर ग्राहक आयोगात जाईन.

ही धमकी पोकळ नव्हती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली असं काम ही सेवा आहे आणि ठरल्यापेक्षा कमी देणं ही त्रुटी आहे. इतक्या रकमेची तक्रार जिल्हा आयोगात, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पाच वर्षांची गॅरंटी आहे म्हणून निवांत फोन करत बसलेल्या माणसाची मुदत हातातून जाऊ शकते. काकूंना मी त्याच दिवशी लेखी तक्रार करायला सांगितलं : पहिल्यांदा गळलं ती तारीख, चाचणीचा निकाल, पाच तुकड्यांची जाडी, काय हवं आणि कधीपर्यंत. स्पीड पोस्टाने एक प्रत, व्हॉट्सॲपवर एक. आमच्या चाचणीच्या कागदावर दोघांच्या सह्या होत्या, आयोगापुढे त्याचं वजन कोणाच्याही तोंडी बोलण्यापेक्षा जास्त असतं.

छताच्या पीओपीवरून थोडी खडाजंगी झाली. काकूंना पीओपी आणि रंगाचा खर्च हवा होता. गॅरंटीच्या कागदात फक्त दुरुस्तीचा उल्लेख होता, खालच्या नुकसानीचा नाही. पण कागद गप्प आहे म्हणून जबाबदारी संपली असं मी मानत नाही. पंख्याभोवतीचं पीओपी पाईपच्या तोंडामुळे खराब झालं हे हिरव्या रेघेने दाखवलं होतं. तेवढ्या भागाचा खर्च ठेकेदारांनी द्यायचा आणि संपूर्ण खोली रंगवण्याचा काकूंनी करायचा, यावर दोघं आले. जिन्याची भिंत काकूंची.

ठेकेदार : दुसरा थर देतो. चार बादल्या तुमच्यासमोर फोडतो. पण आत्ता नाही. ओल्या कोब्यावर मारलं तर ऊन पडल्यावर वाफेने फुगे येतील.

काकू : मग दिवाळीनंतर. पण तारीख लिहा.

फुग्यांचं ते बरोबर सांगत होते. दिवाळीनंतरही कोबा सुकला असं धरून चालत नाही. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेप मारून गच्चीवर चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी त्याच्या आतून दव किंवा खाली गडद डाग दिसला तर अजून थांबायचं. हे गच्चीच्या उतरत्या टोकाला करायचं, कारण तिथला कोबा सर्वांत शेवटी सुकतो. पाईपच्या तोंडाला मात्र थांबता येत नव्हतं. तिथे ओलीत चिकटणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने तात्पुरतं बंद केलं आणि पानं अडकू नयेत म्हणून उंच घुमटाची जाळी बसवली.

शेवटचा प्रश्न गॅरंटीच्या तारखेचा निघाला. ठेकेदार म्हणाले, मूळ पाच वर्षं, म्हणजे मे 2028 पर्यंत. काकू म्हणाल्या, ठरलेला एक मिलिमीटर मला नोव्हेंबर 2025 मध्ये मिळणार आहे, तर वर्षं तिथूनच मोजा. मी काकूंच्या बाजूने बोललो आणि ठेकेदारांनी थोडा विचार करून ते लिहिलं. त्याबदल्यात त्यांनी दोन ओळी घालून घेतल्या : सोलरचे पाय हलवायचे झाले तर आधी कळवायचं, आणि पॅरापेटच्या माथ्यातून आलेलं पाणी या गॅरंटीत धरायचं नाही. ‘इतर कोणी काम केल्यास गॅरंटी रद्द’ हे वाक्य बदलून ‘इतर कोणाच्या कामामुळे गळती झाल्याचं चाचणीत दिसल्यास तेवढ्या जागेची गॅरंटी रद्द’ असं केलं.

पॅरापेटच्या भेगा भरून माथ्याला आत उतार देण्याचं कोटेशन त्यांनी वेगळ्या कागदावर दिलं आहे. काकूंनी ते अजून मंजूर केलेलं नाही. त्याच कामाचा आणखी एक दर त्यांनी मागवला आहे आणि दोघांनाही साहित्याचं माप लिहून द्यायला सांगितलं आहे.